खोडलेल्या नावाचा स्वेटर

त्या हिवाळ्यात मला सावरलं ते तुळसाबाईंनी. आज सोसायटीतली मंडळी वॉचमनच्या वर्षअखेरच्या भेटीची वर्गणी मागायला आली. त्याच्यासाठी घेतलेला स्वेटर त्यांनी दाखवला आणि नव्या लोकरीचा वास नाकात शिरला.

सत्तरच्या दशकात, सातवीतून शाळा सोडून मी आटपाडीहून साताऱ्याला आलो. एका कॉलनीचे वॉचमन तुकाराम न्यूमोनियानं गेले आणि त्यांच्या जागी मला ठेवलं. घरटी वर्गणी काढून बायकांनी त्यांच्यासाठी स्वेटर आधीच विणला होता. डिसेंबरअखेर सेक्रेटरींनी आभाराच्या चिठ्ठीवरचं तुकारामांचं नाव खोडलं, माझं लिहिलं आणि दोन्ही माझ्या हाती दिलं. थंडीनं दात वाजत होते, पण स्वेटर अंगात घालवेना. तसाच तुकारामांच्या बायकोकडे, तुळसाबाईंकडे गेलो.

"मावशी, हे तुमचं हाय."

"चिठ्ठीत काय लिवलंय? वाच की."

"'तुमच्यामुळे आम्ही वर्षभर निर्धास्त झोपलो.'"

"नाव कुणाचं हाय रं?"

मी खोडलेलं नाव वाचलं. मग चिठ्ठी बाईंनी ठेवून घेतली, स्वेटर माझ्या डोक्यातून घातला आणि लांब बाह्या दुमडल्या.

"ते गारठ्यानं गेले. तू नगं जाऊस."

त्या आता नाहीत. त्यांची लेक मलकापुरात असते. तिचं काही अडलं तर मी उभा राहीन, मावशी.