वाहत्या नाकांचं पाळणाघर

घाटकोपरच्या टेकडीवरच्या चाळीत रत्नप्रभाकाकींच्या पाळणाघराचा एकच नियम होता: दारात आलेलं पोर परत पाठवायचं नाही. बाकीच्या पाळणाघरांतल्या बायका नाक वाहतंय म्हटलं की आईला फोन लावून मोकळ्या व्हायच्या. काकींना तसलं नाटक मान्य नव्हतं. मुलगा विशाल लहान असताना त्याच्या आजारपणात रजा घेतली म्हणून त्यांची स्वतःची नोकरी गेली होती, नवऱ्याची गिरणी बंद असताना. तो राग त्यांनी जपून ठेवला होता.

"सर्दी तर सगळ्याच पोरांना होते गो. तू जा कामाला," असं म्हणत त्या पदराने पोराचं नाक पुसायच्या, आणि त्याच पदराने पुढच्याचंही. आया निर्धास्त होऊन पायऱ्या उतरायच्या.

या घोळक्यातच विशालची लेक तेजल वाढली. तिची सर्दी कधी हटलीच नाही. तोंड सदा उघडं, आणि हाक मारली तर दोनदा मारावी लागायची. हट्टी आहे, असं घरात सगळ्यांचं मत पडलं. दुपारी पोरं सतरंजीवर झोपली की तेजल अशी घोरायची की बाकीची हसत सुटायची. आजोबांवर गेलीय, असं काकी कौतुकाने सांगायच्या. मध्येच ते घोरणं थांबायचं, छाती आत ओढली जायची आणि मग दचकून, मोठा श्वास घेऊन पोर कूस बदलायची. स्वप्न पडलं असेल, म्हणून काकी तिला थोपटायच्या.

शाळेतल्या बाईंनी ऐकू कमी येत असेल म्हणून दवाखान्यात पाठवलं, तेव्हा डॉक्टरांनी नेमकं तेच विचारलं: घोरताना मध्येच थांबते का? काकी हो म्हणाल्या आणि डॉक्टरांचा चेहरा बदलला. नाकाच्या मागची गाठ वाढून वाट बुजली होती, टॉन्सिलही सुजून एकमेकांना टेकायला आले होते. कानाच्या पडद्यामागे पाणी साठलं होतं. झोपेत पोरीचा श्वास अडकत होता. केळी, आइस्क्रीम यांवर काकींनी आजवर फोडलेलं खापर डॉक्टरांनी बाजूला ठेवलं आणि ऑपरेशनची तारीख दिली.

त्या तारखेला तेजलचं नाक वाहत होतं, छाती घरघरत होती. भूल देणाऱ्या डॉक्टरांनी हात लावला नाही. अशा सर्दीत भूल दिली तर श्वासाला धोका, बरी झाल्यावर आणा, म्हणाले. पुढच्या तारखेलाही तेच. घरात आणखी कुणा मुलाला सर्दी असते का, असं त्यांनी विचारलं. सून श्वेताने सासूकडे बघितलं. ज्या दयेचा त्यांना एवढा अभिमान, तीच पोरीच्या ऑपरेशनच्या आड येत होती.

तिसरी तारीख मिळाली तेव्हा काकींनी पाळणाघर बंद ठेवलं. बहुतेकांनी कुठे ना कुठे सोय केली. किरणला कुणीच नव्हतं. अंधेरीच्या एका कारखान्यात ती नुकतीच लागली होती. एका सकाळी ती तीन वर्षांच्या अनयला घेऊन दारात उभी राहिली. त्याचं नाक गळत होतं.

"काकी, आजचा दिवस ठेवा ना. तेजलला आतल्या खोलीत बसवा."

काकींनी दाराची साखळी काढली नाही. फटीतूनच त्यांनी मान हलवली. अनय तोंड उघडं टाकून त्यांच्याकडे बघत होता. नेहमीसारखा पदर पुढे येईल, असं त्याला वाटलं असावं. काकींनी दार लावलं, आणि पलीकडची पावलं खाली उतरेपर्यंत त्या कडीवर हात ठेवून रडल्या.

ऑपरेशन झालं. घशाची सूज उतरल्यावर तेजल ओठ मिटून झोपू लागली. घर इतकं शांत झालं की काकी तिच्या नाकापाशी बोट धरून बघायच्या. पाळणाघर पुन्हा सुरू झालं, थोडी पोरं परतली. अनय आला नाही. किरणची ती नोकरी गेल्याचं कानावर आलं.

मग एका दुपारी भाजीच्या गल्लीत किरण दिसली. अनय तिच्या खांद्यावर झोपला होता, तोंड उघडं, घोरत. काकी जवळ गेल्या आणि जागीच थबकल्या. घोरणं थांबलं, एवढीशी छाती आत ओढली गेली, मग पोर दचकलं आणि पुन्हा घोरू लागलं.

"किरण, ह्याला नाक-कान-घशाच्या डॉक्टरला दाखव. झोपेत ह्याचा श्वास अडकतो. तेजलचं असंच होतं गो."

किरणने त्याला दुसऱ्या खांद्यावर घेतलं. तिच्या आवाजात रागसुद्धा नव्हता.

"सर्दी तर सगळ्याच पोरांना होते, काकी. तुम्हीच सांगायचात."

ती चालू लागली. काकी मागून दोनदा हाक मारून तिथेच उभ्या राहिल्या. गर्दीतून अनयचं घोरणं थोडा वेळ ऐकू आलं, मग येईनासं झालं. थांबलं होतं की लांब गेलं होतं, ते काकींना कळलं नाही.