जगदेवी आणि किशनरावांच्या नातीचा ताप

जगदेवी माझ्या पहिल्यांदा लक्षात आली ती पोलिओच्या एका रविवारी, आमच्या शाळेच्या ओट्यावर. एका पोराने तिच्या बोटाला कडकडून चावा घेतला होता. तिने हात झटकला, हसली आणि म्हणाली, "दात चांगले आलेत की रे!" मग त्याच्या करंगळीच्या नखावर शाईची खूण केली. रेणापूरजवळच्या आमच्या गावात ती तेव्हा नवी आशा कार्यकर्ती होती. मी त्या शाळेत शिकवत होते.

या चैत्रात माझे शेजारी किशनराव यांच्या नातीला ताप आला. रुद्राणी अकरा महिन्यांची. सोमवारी संध्याकाळी अंग चटका बसेल इतकं तापलं. मंगळवारी सकाळी जगदेवीने काखेत थर्मामीटर लावलं, ते एकशे तीनच्या वर गेलं. तिने पोरीची आई शिवानी हिला घेऊन थेट आरोग्य केंद्र गाठलं. डॉक्टर तनुजांनी कान, घसा, छाती तपासली, लघवीही तपासायला घेतली. कुठेच काही सापडलं नाही. वजन करून पॅरासिटामॉलचं प्रमाण लिहून दिलं. "अंगावर पाजत राहा. झटका आला, पोर मलूल पडलं किंवा पिईना झालं, तर वाट न बघता घेऊन या."

औषधाने ताप थोडा उतरायचा, पुन्हा चढायचा. आजी तारामती म्हणाल्या, "तुझं औषध टिकंना गं जगदेवी." तरी ताप जरा कमी झाला की पोरगी वाटी आपटत खेळायची. जगदेवी दिवसातून दोनदा येऊन ते बघून जायची.

गुरुवारी सकाळी अंग गार लागलं. शिवानीने देवाला हात जोडले. दुपारी झबलं बदलताना पोटावर, पाठीवर बारीक गुलाबी ठिपके दिसले.

झालं. तारामतींनी दाराला लिंबाचा डहाळा बांधला. "आई आल्यात. औषध बंद. आंघोळ न्हाई. बाहेरचं कुणी आत यायचं न्हाई." किशनराव चावडीवर जाऊन बसले. "नवव्या महिन्यात गोवराची लस टोचली, तरी गोवर कसा आला? आणि त्या बाईनं औषध पाजून पाजून लेकराच्या अंगावर उठवलं." संध्याकाळपर्यंत जगदेवीला काढून टाकावं असा अर्ज तयार झाला. त्यावर अठरा सह्या होत्या. त्यातल्या किमान दहाजणांची पोरं हिने दवाखान्यात नेली होती. ती नावं मी एकेक करून वाचली. यातल्या कितीजणांना मी सही करायला शिकवलं होतं!

जगदेवी आली ती उंबऱ्याबाहेर उभी राहिली. "काकू, मी आत येत न्हाई. ताप आणि पुरळ दिसलं की कळवावंच लागतं मला. लेकरू दारात आणा."

"आमचं लेकरू आमी बघू," तारामती म्हणाल्या.

शिवानी पोरीला घेऊन दारात आली. जगदेवीने ठिपक्यावर बोट दाबलं. तो फिका पडला, मग पुन्हा गुलाबी झाला. तिने डोळे बघितले, कानामागे बघितलं आणि डॉक्टरांना फोन लावला.

डॉक्टर तनुजा शुक्रवारी सकाळी आल्या, डहाळ्याखालून आत गेल्या. "गोवराचं पुरळ आधी कानामागं, तोंडावर येतं, आणि ताप अंगात असतानाच. खोकला असतो, डोळे लाल होतात. हिचा ताप गेल्यावर पुरळ आलं, तेही आधी पोटा-पाठीवर. बहुधा रोझिओला आहे, तान्ह्या पोरांना होणारा साधा विषाणूचा ताप. आपोआप जाईल. तरी नियम म्हणून गोवरासाठी रक्त तपासायला पाठवते. आंघोळ घाला."

रविवारपर्यंत अंग स्वच्छ झालं. पुढे अहवालही आला: गोवर नाही.

किशनरावांनी काय म्हणावं? "आई प्रसन्न हून गेल्या." आणि अर्ज? "राहू द्या बाई, नुसता कागद तर हाय." माणसाच्या बारा वर्षांच्या कामावर अठरा सह्या करायच्या आणि वर नुसता कागद म्हणायचं!

ग्रामसभेत तो कागद वाचला गेला. तेव्हा शिवानी पोरीला काखेत घेऊन उभी राहिली. आमच्याकडे सून सासऱ्यासमोर सभेत बोलत नाही. "मामा, औषधानं पुरळ उठलं म्हणता, तर ताप कशानं उतरला?"

जगदेवीच म्हणाली, "न्हाई गं शिवानी. ताप आपणहून उतरला. औषधानं तिला नुसता आराम पडला. आणि पुरळही आपणहूनच आलं."

जिंकता येत असताना ती एवढंच खरं बोलली. सरपंचांनी अर्ज फेटाळला. माफी मात्र कुणी मागितली नाही. अठरांपैकी एकानेही नाही.

रुद्राणी आता सतरा महिन्यांची आहे. मागच्या बुधवारी तिचा गोवर-रुबेलाचा दुसरा डोस झाला. टोचताना तिला मांडीवर धरून जगदेवी बसली होती.