कडीताई आणि चिटणीसाचं बोट

आमच्या युनियनच्या कचेरीतल्या टायपिंगवाल्या बाईला सगळे कडीताई म्हणायचे. निघताना दाराची कडी तीनदा ओढून बघणार, मग जिन्यावरून परत येऊन चौथ्यांदा. नवरा गेल्यावर दोन पोरी एकटीनं वाढवलेली बाई. विश्वास तिला परवडत नसे. लॅपटॉपच्या कॅमेऱ्यावरची बारीक पट्टी ती कायम सरकवून बंद ठेवायची. "पट्टीनं फक्त डोळा झाकला जातो, मायक्रोफोन ऐकतोच," असं दुरुस्तीवाल्यानं सांगितल्यापासून मशीनसमोर कुजबुजायचीसुद्धा नाही. पट्टी बंद म्हणजे चेहरा दाखवून मशीन उघडायची सोय गेली. मग उरलं बोट. चालू करायच्या बटणातच बोट ओळखायची सोय होती.

आणि तिथं माती खाल्ली ती मी, युनियनच्या अध्यक्षानं. मशीन एक, माणसं पाच. "सगळ्यांची बोटं एकाच खात्यात घाल, रोज कोण पिन विचारत बसणार?" असं मीच सांगितलं. ती म्हणाली होती, "दादा, एका दाराला पाच किल्ल्या नसतात." मी खेकसलो, तिनं घातली.

त्या पाचांतला एक आमचा चिटणीस. चार महिन्यांपूर्वी तो कंपनीच्या गोटात गेला, कामगार कल्याण अधिकारी झाला. कचेरीचं कुलूप आम्ही त्याच दिवशी बदललं. बोट कुणाच्या लक्षातच आलं नाही.

शुक्रवारी दुपारी तो आला. आपले जुने फंडाचे कागद हवेत म्हणाला. मशीनमध्ये तेव्हा पॅकिंगमधल्या अकरा बायकांचे जबाब होते, सुपरवायझरच्या लोचटपणाविरुद्ध, नावानिशी. सोमवारी ते सरकारी कामगार अधिकाऱ्यापुढे नोंदवायचे होते. त्याआधी नावं फुटली असती तर अकराही जणींना गेटच्या आत घेतलं नसतं.

मी गॅलरीत फोनवर वकिलाशी भांडत होतो. कडीताई कपाटात वाकून त्याची फाईल शोधत होती. वळली तर चिटणीस तिच्या खुर्चीत, आणि त्याचं बोट बटणावर.

"अहो, काय करताय?"

"बघतोय, ओळख ठेवलीय का अजून तुमच्या मशीननं." पडदा उजळला. "ठेवलीय की!"

ती दुपारी टाईप करत होती तीच जबाबांची फाईल समोर उघडी. आवाज ऐकून मी दारात आलो, तर कडीताईनं टेबलावरून झेप घेऊन त्याच बटणावर अंगठा दाबला होता. नुसतं टेकवलं तर उघडतं, दाबून धरलं तर मशीन बंद पडतं. पण त्याला काही सेकंद लागतात. चिटणीसानं तिचं मनगट धरलं. ती सोडेना. मी त्याची कॉलर धरली. पडदा काळा झाला.

"एवढं काय, ताई? पुन्हा चालू करतो," तो हसला आणि बटण दाबलं.

पडद्यावर आकडे मागणारी एकच ओळ आली. मशीनच्या आतली डिस्क कुलूपबंद होती. पूर्ण बंद केल्यावर ती आधी आकडे मागायची, बोट त्यानंतर. रोज सकाळी ते आकडे कडीताई टाकायची. मलाही ठाऊक नव्हते.

"सांगा की नंबर."

"तुझ्या सुपरवायझरला विचार," कडीताई म्हणाली.

तो गेला. तिनं दुरुस्तीवाल्याला फोन लावला. तो म्हणाला, "बोटांवर नावं नसतात, ताई. त्याचं एकटं काढता येणार नाही, सगळीच पुसा. पिनही बदला, बोट चाललं नाही तर तेच दार उरतं."

तिनं सगळी पुसली. आपलं एकटीचं पुन्हा घातलं.

"माझं?" मी विचारलं.

"तुमचं कशाला? काम असेल तेव्हा मला हाक मारा."

माझ्या कानशिलात आग झाली. एरवी मी टेबल उलटवलं असतं.

मग ती म्हणाली, "त्यानं किती वाचलं, मला ठाऊक नाही. एखादं नाव तरी वाचलंच असेल. अकरा जणींना आजच सांगायला हवं."

"सांगितलंस तर निम्म्या मागे घेतील! सोमवारपर्यंत तोंड बंद ठेव. लढा बुडेल."

"नावं त्यांची आहेत, दादा. बुडायचं का, ते त्यांना ठरवू दे."

मी ओरडलो. संघटना काय असते, ते तिला ऐकवलं. ती चप्पल घालत होती. यादी कागदावर घेतली नाही; अकरा घरं तिला पाठ होती.

रात्री आठपर्यंत ती दारोदार फिरली. तीन जणींनी जबाब मागे घेतले. उरलेल्या आठ जणींनी सोमवारची वाट पाहिली नाही. शनिवारी सकाळीच सरकारी अधिकाऱ्याच्या घराच्या पायरीवर जाऊन बसल्या. कडीताई त्यांच्या मध्ये, मांडीवर मशीन घेऊन.

मी थोडा उशिराच पोचलो. तिनं सरकून मला जागा दिली.