रंगनाथची फरशी

रंगनाथ पहाटे पाचला उठायचा. फरशीवाल्याला सकाळ लवकर लागते. सिमेंट कालवलं की ते कोणासाठी थांबत नाही. त्याच्याबरोबर मी बरीच वर्षं काम केलं. फरशी बसल्यावर तो हातोडीच्या दांड्याने वाजवायचा. पोकळ वाजली तर उखडायचा, मग मालक कितीही घाई करो.

विश्रांतवाडीत तो रंगराव नावाच्या घरमालकाकडे भाड्याने राहायचा. बायको राधा, मुलगी नम्रता. मालकाच्या पुढच्या खोलीची फरशी आम्ही दोघं बसवत होतो. कटरने रंगनाथचा अंगठा कापला. रंगराव रुमाल घेऊन धावले.

"राहू द्या, मी बांधतो. मला एचआयव्ही आहे," रंगनाथ म्हणाला.

एवढं खरं बोलायची गरज नव्हती. रंगराव जागीच थांबले. रुमाल खिशात गेला.

संध्याकाळी रंगरावांनी दारातूनच सांगितलं. "खोली सोडा. नळ, संडास सामाईक आहे. आमचीही माणसं आहेत."

राधा बाहेर आली. "अहो काका, नळाने किंवा संडासाने हा आजार कोणालाच होत नाही. आणि माझं ऐका. लग्नाआधीपासून मला माहीत आहे. हे रोज गोळी घेतात. तपासणीत रक्तातला विषाणू सापडत नाही, इतका कमी झालाय. असा राहिला तर संबंधातूनही तो दुसऱ्याला जात नाही, असं डॉक्टरांनी दोघांना समोर बसवून सांगितलं. नऊ वर्षं संसार केला. माझी तपासणी दरवेळी निगेटिव्ह. नम्रतालाही काही नाही, ती आत अभ्यास करतेय."

"म्हणजे बरे झाले?"

"नाही. गोळी थांबवली तर विषाणू पुन्हा वाढेल. म्हणून थांबवत नाहीत."

"तुमचं बरोबर असेल. पण लोक काय म्हणतील?"

"लोकांना सांगितलं कोणी?"

बायकोला रंगरावांनीच सांगितलं होतं, बायकोने गल्लीला.

"महिनाअखेरपर्यंत," ते म्हणाले. मग पुढच्या खोलीकडे बघून, "तेवढी फरशी मात्र पूर्ण करून जा. दुसरा माणूस इतकी सपाट बसवत नाही."

नम्रताची शाळा चालू, वर्ष अर्धं सरलेलं, आणि मुलीला घेऊन जायचं कुठे? रंगनाथने फरशी पुरी केली. दोन वेळा उखडून पुन्हा बसवली. मी म्हणालो, "अरे, पोकळ राहू दे की."

"फरशीने काय केलंय?"

डिपॉझिट रंगरावांनी खोली सोडली त्याच दिवशी परत केलं. पुण्यात मी हे पहिल्यांदाच पाहिलं. हातात मात्र दिलं नाही, स्टुलावर ठेवलं.

ते पैसे घेऊन रंगनाथ कात्रजकडे भाड्याने राहायला गेला. नम्रताला जवळच्या शाळेत घातलं. औषधं सरकारी केंद्रात फुकट मिळतात. आजारावर त्याचा खर्च नव्हताच. पुढची काही वर्षं त्याने रविवारीही काम केलं. ती सगळी कमाई स्वतःच्या एका खोलीत गेली, जिथून त्याला कोणी जा म्हणू शकत नाही.