माळा कुणाच्या विम्यात

भाडं भावालाच देतोय, मग त्याला पत्र कसलं लिहायचं, म्हणून मी ह्यांच्यावर किती चिडले होते! सोलापुरात आमचं लुगड्यांचं दुकान माझ्या धाकट्या भावाच्या इमारतीत होतं. भाडेपट्ट्यात आगीचा विमा उतरवावा असं होतं, पण कुणी कशाचा, ते मोघमच. शेजारी सुताचं गोदाम. ह्यांनी माझं ऐकलं नाही. इमारतीचा विमा कुणाचा आणि आतल्या मालाचा कुणाचा, तेवढं लिहून द्यावं, असं पत्र धाडलंच.

भाऊ ते पत्र घेऊन हसत घरी आला. "भावजी, वकिली सुरू केलीत की!" म्हणाला आणि चहा होईतो पत्राच्या पाठीमागं लिहूनही दिलं: भिंती, छप्पर आणि भिंतीत बसवलेलं सगळं माझ्या विम्यात, उचलून नेता येईल ते तुमच्या.

"आणि माळा रे?" मी विचारलं. दुकानातला सागवानी माळा नि फडताळं आम्ही घातली होती, माझ्या पाटल्या मोडून. लाकूड निवडायला हाच बरोबर आला होता.

"भिंतीत बसलाय ना, अक्का? मग माझ्या विम्यात. तुम्ही कशाला त्याचा हप्ता भरता?"

मला भरून आलं. ह्यांनी फक्त मालाचा विमा उतरवला.

पुढच्या उन्हाळ्यात गोदाम पेटलं आणि आग आमच्या दुकानात शिरली. माणसं वाचली, बाकी कोळसा. विमा कंपनीचे साहेब पाहणीला आले. लुगड्यांचे पैसे आम्हाला मिळाले. माळा इमारतीत धरलेला, त्याचे भावाला. ठरलंच होतं तसं. त्यानं इमारत पुन्हा उभी केली, तसाच माळाही घातला. मी वेडी, पेठेभर सांगत सुटले, भाऊ असावा तर असा!

मग तो नवा भाडेपट्टा घेऊन आला. भाडं वाढवलेलं.

"हे काय रे?"

"आता माळ्यासकट जागा आहे ना, अक्का."

"अरे, माळा कुणाचा होता?"

"तुमचा जळला. हा मी घातलाय, माझ्या विम्याच्या पैशातून." वर खिशातून ह्यांच्याच पत्राची जपून ठेवलेली नक्कल काढली. "विमा कुणाचा, ते भावजींनीच लिहून घेतलंय की."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मेल्या, माझ्या पाटल्यांचं भाडं माझ्याकडूनच घेतोस? पट्टा सहीविनाच त्याच्या हातात परत कोंबला. पाठचा भाऊ हो, कडेवर घेऊन वाढवलेला! हे एका अक्षरानं मला काही बोलले नाहीत, त्याचंच जास्त रडू आलं.

आम्ही दुसऱ्या पेठेत परक्याची जागा घेतली. सुतार आला, फडताळं कुठल्या भिंतीला ठोकू म्हणाला. मी म्हटलं, "पाय लावा त्यांना. भिंतीत एक खिळा मारायचा नाही."