तिसऱ्या मजल्यावरचं कारलं

सावेडीतल्या त्या इमारतीत तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीकडे आधी कुणी मान वर करून पाहत नसे. गोरक्षनाथ शेळके पाटबंधारे खात्यात आयुष्यभर कारकून होते. निवृत्त होऊन वर्ष झालं नाही तोच त्यांच्या पत्नी पुष्पावतीबाईंना झटका आला. उजवा हात गेला, पाय गेला आणि बोलणंही गेलं. डॉक्टर म्हणाले, "मनानं घेतलं तर चालतील. पण खायला तर पाहिजे ना." बाईंनी मनानं काहीच घेतलं नाही. भिंतीकडे तोंड करून पडायच्या आणि चमचा ओठाशी आला की दात आवळायच्या.

बाईंचं माहेर कोल्हारचं. तिथून आणलेल्या गावरान कारल्याच्या चार बिया डब्यात सापडल्या, त्या गोरक्षनाथांनी रंगाच्या जुन्या बादलीत लावल्या. एकच उगवली. वेल तरारून वर गेला, पण फूल येईना. त्यांनी आणखी युरिया टाकला, तर पानं नुसतीच हिरवीगार झाली. शेवटी जिना झाडणाऱ्या झुंबरबाई म्हणाल्या, "आवो काका, खत घालून घालून त्याला माजवलाय तुमी. बंद करा ते, अन् शेंडा खुडा." शेंडा खुडल्यावर पानांच्या बगलेतून फांद्या फुटल्या आणि एका सकाळी गॅलरीचे गज पिवळ्या फुलांनी भरून गेले.

मग लोक यायला लागले. दुसऱ्या मजल्यावरची अश्विनी मोबाईलवर फोटो काढायला आली. नागापूरच्या कारखान्यात जाणारा भागवत कामावर निघताना डोकावू लागला. तळमजल्यावरच्या कडूबाई तर गुडघे धरत धरत वर आल्या आणि खाटेशी बसून म्हणाल्या, "पुष्पे, तुझी कारली खाल्ल्याशिवाय मी काही मरत नाही बघ." त्या दिवशी पुष्पावतीबाईंनी भिंतीकडची मान इकडे वळवली. गोरक्षनाथांनी खाट ओढून गॅलरीच्या दाराशी आणली. बाई उशीला टेकून बसल्या आणि दुपारी त्यांनी अर्धी वाटी वरणभात खाल्ला.

पण कारलं काही धरेना. दोन फुलांमागे बोटाच्या पेराएवढी काटेरी कारली दिसली खरी, पण फूल उमलल्यापासून चौथ्या दिवशी, एकापाठोपाठ एक, दोन्ही पिवळी पडून गळाली. दुसरं गळालं तेव्हा बाईंनी दोन दिवस तोंड उघडलं नाही. डॉक्टर आता नाकातून नळी घालायचं बोलू लागले होते.

गोरक्षनाथ हबकले. शंभर फुलं येतात आणि कारलं एकाला, ते पण गळतं. उरलेली ही फुकटची फुलंच वेलाची ताकद खातात, असा त्यांनी हिशेब लावला. बारीक देठाची, मागे कारलं नसलेली सगळी फुलं ते रोज सकाळी तोडू लागले आणि मागेल त्याला देऊ लागले. बाई डावा हात हलवून घशातून घुं घुं आवाज काढायच्या. गोरक्षनाथांना वाटायचं, तिची पाठ दुखतेय. ते उशी सारखी करायचे.

त्या गुरुवारी उमललेली सहाच्या सहा फुलं त्यांनी तोडली. साईबाबांच्या फोटोला पिवळं फूल हवं म्हणून तीन कडूबाईंना, दोन अश्विनीला आणि एक भागवतला दिलं. परत येऊन पाहतात तर पानाआड तिसरं कारलं, आणि त्याच्या टोकाला फूल नुकतंच उघडलेलं. ते हरखून ओरडले, "अगं, तिसरं आलं!"

बाईंनी फुलाकडे पाहिलं, मग मोकळ्या गजांकडे, आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

जिना झाडत आलेल्या झुंबरबाईंनी दारातूनच बघितलं. "काका, बाकीची फुलं कुठं हायेत?"

"तोडली. वांझ होती ती."

झुंबरबाईंनी केरसुणी खाली टाकली. "वांझ न्हाई वं, नर हुती ती! मागं कारलं आसतं ती मादी. नराचं पिवळं पीठ तिच्या मधल्या हिरव्या बोंडाला लागंल तवाच धरतंय. गावाला माश्या करत्यात ते. इतक्या वर माशी कुठली? आपल्याला करावं लागतंय. अन् तुमी तर नवरदेवच वाटून टाकलं!"

"उद्या येतील की नर फुलं."

"उद्या ही मिटलेली आसंल. एकच सकाळ आसती तिची. उन्हं तापायच्या आत काय ते बघा."

साडेआठ वाजले होते. गोरक्षनाथ पायांत चप्पल न घालताच जिना उतरले. अश्विनीनं दार उघडलं. "काका, किती छान दिसतायत बघा ना!" काचेच्या वाडग्यात दोन्ही फुलं पाण्यात बुडालेली होती. त्यांनी एक उचलून बोट लावलं. मधला भाग भिजून गळगळीत झाला होता. बोटाला पिवळा कण लागला नाही.

भागवतचं फूल मोटारसायकलच्या दिव्यावर खोचलं गेलं आणि नागापूरच्या वाटेला लागलं होतं. राहिल्या कडूबाई. त्यांची पूजा आटोपली होती. फोटोपुढे उदबत्ती, आणि फोटोवर तीन फुलं.

"कडूबाई, एक कोरडं फूल परत द्या."

"वाहिलेलं?" कडूबाईंचा आवाज चढला. "भाऊजी, डोकं ठिकाणावर आहे का? देवाच्या अंगावरचं काढायचं, आणि तेही गुरुवारी?"

गोरक्षनाथांनी सांगायला तोंड उघडलं, पण शब्द जुळेनात. नर, मादी, नळी, चौथा दिवस, सगळं एकदम बाहेर येऊ लागलं. ते उंबऱ्यातच खाली बसले. "ती खाणार नाही हो," एवढंच शेवटी म्हणाले. "हेही गळालं तर ती खाणारच नाही."

कडूबाई उठल्या, फोटोपुढे हात जोडून काहीतरी पुटपुटल्या आणि फुलं चाचपू लागल्या. खालच्या दोन्ही फुलांवर पाणी शिंपडलेलं होतं. चौकटीवरचं कोरडं होतं. ते त्यांनीच काढलं. "तुम्ही नका हात लावू. बाबांना काय सांगायचं ते मी सांगेन. पळा आता."

वर येईपर्यंत नऊ वाजून गेले. झुंबरबाईंनी फुलाच्या पाकळ्या अलगद मागे सोलल्या. आतले पिवळे तुरे उघडे पडले. गोरक्षनाथांनी दोनदा फूल नेलं, पण ते नेमकं बोंडावर टेकेना. तेव्हा पुष्पावतीबाईंनी डावा हात पुढे केला. झुंबरबाईंनी वेलाची फांदी हळूच खाटेकडे ओढली. पुष्पावतीबाईंनी ते फूल चिमटीत धरलं आणि मादीच्या मधल्या हिरव्या बोंडावर तीनदा फिरवलं. बोंडाला पिवळी पूड लागल्यासारखी वाटली. नीट दिसली नाही.

"लागलं का?" गोरक्षनाथांनी विचारलं.

"काय सांगावं," झुंबरबाई म्हणाल्या. "फूल तोडून लई येळ झाला हुता."

शुक्रवारी बाईंनी दोन चमचे पेज घेतली. शनिवारी एकच. रविवारी कारल्याचं टोक फिकट दिसलं. गोरक्षनाथ मग दिवसभर गॅलरीत गेले नाहीत. कुणी बेल वाजवली तर दार उघडलं नाही. नळीसाठी सोमवारी सकाळी दवाखान्यात यायला सांगितलं होतं. त्यांनी फाईल काढून पिशवीत ठेवली.

सोमवारी उजाडताच ते पाठमोरे उभे राहून चहा गाळत होते. मागे खाट करकरली. बाई एकट्याच, डाव्या कोपरावर जोर देऊन, गॅलरीकडे सरकल्या होत्या. तेही गेले. कारलं हिरवं होतं. शुक्रवारी पेराएवढं होतं ते आता बोटाएवढं झालं होतं. देठ जाड झाला होता आणि वजनानं खाली वाकला होता. सुकलेलं फूल टोकाला लोंबत होतं.

गोरक्षनाथांना रडू आवरेना. झुंबरबाईंनी बजावल्याप्रमाणे फळमाशी डंख मारू नये म्हणून त्यांनी वर्तमानपत्राची सैल पुडी करून कारल्यावर चढवली आणि देठाशी दोरा बांधला. गाठ दोनदा सुटली.

मग त्यांनी पेज गरम करून आणली आणि खाटेशी बसले. चमचा अजून वाटीतच होता. पुष्पावतीबाईंनी तोंड उघडलं.