आईच्या कानातलं दिसू नये म्हणून

शहापूरच्या कानाच्या दवाखान्यात मॅडमनी आईचे दोन्ही कान तपासले. ऐकणं मध्यम कमी झालंय, मशीन लावलं तर फरक पडेल, असं सांगून त्यांनी टेबलावर दोन नमुने ठेवले. एक कानामागे बसणारं, त्याची नळी कानातल्या साच्यात जाते. दुसरं शेंगदाण्याएवढं, थेट कानात बसणारं.

"आवाजाला दोन्ही पुरतील," मॅडम म्हणाल्या, "पण पहिल्यांदाच वापरणार, तर कानामागचं घ्या. सेल जरा मोठा, आजींच्या बोटांना सापडेल. साचा वेगळा करून धुता येतो. कानातल्याचं आवाजाचं तोंडच आत असतं, ते मळानं, तेलानं बुजतं."

आईने कानामागचं लावून बघितलं. मी मागून हळू हाक मारली, तर ती वळून चक्क हसली. तरी मी कानातल्याचाच हट्ट धरला. माझ्या मुलीचा साखरपुडा तोंडावर आला होता आणि आजीच्या कानाला मशीन लागतं, हे मुरबाडच्या सोयऱ्यांना दिसायला नको होतं. माझी अक्कल तेवढीच.

"तुला बरा वाटल तो घे रे," आई म्हणाली.

कानाचं माप देऊन मशिनं बनून आली. आई सगळ्यांशी बोलायला लागली, मी खूश. साखरपुड्याच्या आदल्या दिवशी घरच्या रीतीप्रमाणे तिच्या डोक्याला तेल लावलं आणि दोन्ही कानांत कोमट खोबरेल सोडलं. मीच सोडलं. मॅडमचं बोलणं तेव्हा आठवलंही नाही.

दुसऱ्या दिवशी आई मांडवात मशिनं घालून बसली. मुलाच्या आजीने शेजारी बसून काय काय विचारलं, आई नुसती मान हलवत राहिली. थोड्या वेळाने त्या बाई उठून दुसरीकडे गेल्या. मला आईचाच राग आला. एवढं आणून दिलंय, दोन शब्द बोलायला काय होतं?

पुढच्या आठवड्यात दवाखान्यात मॅडमनी मशिनं भिंगाखाली धरली. तोंडं तेलाने बुजलेली. "ही बंदच आहेत," त्या म्हणाल्या. "वर कानात बूच बसल्यासारखं झालं. यापेक्षा नुसत्या कानांनी जास्त ऐकू आलं असतं."

त्यांनी आईला पुन्हा कानामागचं लावून दिलं. मी विचारलं, "काय ऐकायला येत नव्हतं, तर काढून का नाय ठेवलंस?"

"तू हौशीनं आणलेलास. काढला असता तर चारचौघांत तुला वाईट वाटला असता."

मग कानामागे बोट लावत तिने मलाच विचारलं, "यो लोकांना दिसल रे. चालल ना तुला?"